मेसेज जात नाही

चेनताई चिडल्या की अख्ख्या रस्त्याला कळायचं, आणि त्या दिवशी दुकानांची शटरं वर जायच्या आधीपासूनच त्या चिडलेल्या होत्या.

बस स्टँडच्या कुंपणाबाहेर, फुटपाथवर, त्या बॅगांच्या चेनी दुरुस्त करायला बसायच्या. कुणाचं शाळेचं दप्तर, कुणाची प्रवासाची बॅग, कुणाचं जाकीट, चेन अडली की माणसं त्यांच्यापुढे आणून टाकायची. म्हणून नाव चेनताई. खरं नाव मतदार यादीत असेल, रस्त्यावर कुणाला त्याची गरज पडली नव्हती. बसायला एक पोतं, पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीत पक्कड, मेण, सुया, दोरा आणि डबीभर रनर, चेनीवर सरकतात ते. डोक्यावर छत्री. पावसाळ्यात छत्रीच्या काडीवरून पाणी थेट पेटीत गळायचं आणि रनर गंजायचे, उन्हाळ्यात पक्कड हातात धरवायची नाही. अशी बरीच वर्षं गेली होती. किती, ते त्या मोजत नसत. मोजलं की जास्त राग येतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि आता कुठे दिवस फिरत होते. स्टँडच्या आत, छताखाली नवे गाळे बांधले होते, त्यांची सोडत निघाली आणि सात नंबरचा गाळा चेनताईंना लागला. भिंत, शटर, दिवा, पंख्याला जागा. चेनताई तो गाळा तीनदा बघून आल्या होत्या. तिसऱ्यांदा तर त्यांनी भिंतीला पाठ टेकून बघितली, कारण फुटपाथवर बसणाऱ्याला सगळं मिळतं, टेकायला भिंत तेवढी मिळत नाही.

अट एकच होती. अनामत भरायची ती अर्ज करणाऱ्याच्याच खात्यातून, अर्जात लिहिलेल्याच मोबाइल नंबरच्या पेमेंट ॲपवरून. रोख चालणार नाही, नवऱ्याच्या फोनवरून चालणार नाही. दलाल लोक दुसऱ्यांच्या नावावर गाळे लाटतात, म्हणून हा बंदोबस्त. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजले की गाळा आपोआप प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाकडे जाणार.

आणि यादीतला पहिला माणूस होता चावीवाला. चेनताईंच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, कानस घेऊन बसणारा.

या गोष्टीवरून रस्त्यावर चिक्कार थट्टा झाली होती. चहावाला म्हणायचा, "ताई, पाण्याचा घोट जरा बघून घ्या हो, शेजारी वारस बसलाय!" चावीवाला हसायचा, ताई त्याच्याहून मोठ्याने हसायच्या. चावीवाल्यावर त्यांचा जीव होता. त्या आजारी पडल्या तेव्हा त्याने त्यांची जागा महिनाभर राखली होती, कुणाला पथारी टाकू दिली नव्हती. ताईंनी त्याला शब्द दिला होता, "भाऊ, माझा गाळा झाला की तुम्ही दारात बसा. सावली दोघांना पुरेल."

पैसे खात्यात तयार होते. अडलं होतं ते फोनपाशी.

ताईंचा जुना फोन इतका जुना होता की ॲपने सांगून टाकलं, या फोनवर आता मी चालणार नाही. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी नवा फोन घेतला. तर जुनं सिम, जे कुणीतरी कधीकाळी कात्रीने कापून बारीक केलं होतं, ते नव्या फोनच्या खाचेत बसेना. मग दुपारी जेवणाच्या वेळेला मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन त्यांनी त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. तासाभरात सिम सुरू झालं. फोन लागायला लागले, इंटरनेट चालायला लागलं, नातवाचा फोटो आला. ताई खूश. आणि घरी जाऊन ॲप उघडलं, तर ॲप म्हणालं, नवा फोन दिसतोय, नवं सिम दिसतंय, तुमच्या नंबरची पुन्हा पडताळणी करायची आहे, या फोनवरून आम्ही एक मेसेज पाठवत आहोत. गोल गोल फिरलं, फिरलं आणि थांबलं. पडताळणी अयशस्वी.

तिथून जी डोक्यात तिडीक गेली, ती सकाळपर्यंत उतरली नव्हती.

"बघू इकडे," चावीवाल्याने कानस खाली ठेवली. त्याला फोनातलं बऱ्यापैकी कळायचं. त्याने ॲपला मेसेज पाठवायची परवानगी आहे का ते बघितलं. होती. सिम कुठल्या खाचेत आहे ते बघितलं. एकच सिम होतं, बरोबर खाचेत. रिचार्जमध्ये मेसेज आहेत का ते बघितलं. होते. मग त्याने मेसेजची खिडकी उघडली आणि बोट ठेवलं. कुठल्या तरी लांबलचक नंबरला पाठवायचा, अगम्य अक्षरांचा एक मेसेज तिथे पडला होता आणि त्याच्या खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, पाठवता आला नाही. त्याच्या वर तसाच आणखी एक. त्याच्या वर आणखी एक.

"ताई, तुमचा मेसेज बाहेरच पडत नाही," तो म्हणाला. "मेसेज यांच्याकडे पोचला की यांना कळतं, हा नंबर याच फोनात आहे. तो पोचलाच नाही तर ते कशाला विश्वास ठेवतील?"

"पण फोन लागतोय ना! काल रात्री बहिणीशी तासभर बोलले मी!"

"फोन लागतोय, मेसेज जात नाही."

"म्हणजे तोंड आहे आणि जीभ नाही," ताई म्हणाल्या. "कसलं दळभद्री सिम दिलं मेल्याने!"

आधी त्या बँकेत गेल्या. चावीवालाही बरोबर आला, स्वतःची पेटी चहावाल्याच्या भरवशावर टाकून. बँकेतल्या मुलीने खातं बघितलं, नंबर बघितला, सगळं व्यवस्थित होतं. "आमच्या बाजूने काहीच अडचण नाही," ती म्हणाली. हे वाक्य ताईंना त्या दिवशी इतक्यांदा ऐकावं लागलं की शेवटी शेवटी त्या ते लोकांच्या आधी म्हणायला लागल्या.

"मग कार्डावरून भरते," ताई म्हणाल्या.

"स्टँडचं ऑफिस फक्त ॲप घेतंय ना?" चावीवाला म्हणाला. "आणि कार्डाचा ओटीपी पण मेसेजनेच येतो. तुमच्या फोनवर मेसेज येतायत का?"

मुलीने बँकेतून एक मेसेज पाठवून बघितला. आला नाही. म्हणजे जातही नव्हता, येतही नव्हता.

"सिम कंपनीला विचारा," मुलगी म्हणाली.

ॲपच्या मदत केंद्राला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई सांगत राहिली आणि बाजा वाजवत राहिली. ताई बँकेच्या पायरीवर उभ्या राहून त्या बाजावर ओरडत होत्या. बऱ्याच वेळाने खरा माणूस आला आणि म्हणाला, आपला मेसेज आम्हाला मिळालेला नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

"अरे, मिळालेला नाही हे सांगायलाच तर फोन केलाय तुला!" ताई किंचाळल्या. "मीच सांगायचं आणि तूच मला परत सांगायचं?"

बँक म्हणते सिमवाल्याला विचारा, ॲप म्हणतं पुन्हा प्रयत्न करा, नवरा टेम्पो चालवता चालवता फोनवर म्हणतो, बंद करून चालू कर. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि ज्याचा गाळा जायचा त्याने रस्त्यात उभं राहून बोंबलायचं. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खरं सांगायचं तर त्या आगीखाली भीतीही होती. पण भीती दाखवायची सवय त्यांना नव्हती, त्यामुळे तीही रागासारखीच बाहेर पडत होती.

गॅलरीत पोचेपर्यंत बारा वाजत आले होते. काचेचं दार, थंडगार हवा, टाय घातलेला काउंटरवरचा तरुण. कालचा नव्हता, दुसराच होता. ताईंनी नवा फोन काउंटरवर आदळला.

"हे तुमचं सिम बाद आहे. दुसरं द्या."

"मॅडम, जरा बघू द्या..."

"काय बघायचंय? मेसेज जात नाही, येत नाही. सकाळपासून पायपीट करतेय. पाच वाजता माझा गाळा जाईल, तो तुम्ही भरून देणार का? दुसरं द्या!"

आता ही बाई आयुष्यभर गिऱ्हाइकाला काय सांगत आलेली? चेन बदलायला निघालात? थांबा. चेन चांगली आहे, रनर सैल झालाय, पकडीने दाबला की काम झालं. शंभरातल्या नव्वद बॅगा त्यांनी चेन न बदलता परत केल्या असतील, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी आधी चेनच उसवायला काढली. राग माणसाला असा आपलाच धंदा विसरायला लावतो.

तरुणाने ओळखपत्र घेतलं, फोटो काढला, अंगठा मागितला. अंगठा उठेना. मेणाने आणि दोऱ्याने ताईंच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजलेल्या. पुसून बघितला, फुंकर मारून बघितला, डावा बघितला. कसाबसा उठला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. बंद करून चालू केलास का, हेच विचारायला. आत नीट ऐकू येत नव्हतं, शिवाय नवऱ्याला जे ऐकवायचं होतं ते थंडगार खोलीत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ताई काचेच्या दाराबाहेर गेल्या. पिशवी आणि कागद घेऊन चावीवाला काउंटरपाशी थांबला.

त्या परत आल्या तेव्हा काम झालेलं होतं. तरुण हसून म्हणाला, "झालं मॅडम. थोड्या वेळात जुनं बंद होईल, नवं चालू होईल."

"मेसेज जातील ना?"

"जातील, जातील," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येताना ताईंचा जीव जरा भांड्यात पडला. त्यांनी चावीवाल्याला चहा घेऊ म्हटलं. तो नको म्हणाला. "डोकं दुखतंय," म्हणाला. सकाळपासून धंदा बुडवून बिचारा आपल्यामागे वणवण करतोय, म्हणून ताईंनाच वाईट वाटलं. "भाऊ, तुमचे उपकार कधी फेडू मी," त्या म्हणाल्या. त्याने त्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

नवं सिम सुरू व्हायला या वेळी साडेतीन वाजले. फोन लागला. ताईंनी हात जोडले आणि ॲप उघडलं. आम्ही एक मेसेज पाठवत आहोत. गोल फिरलं. पडताळणी अयशस्वी. पुन्हा केलं. अयशस्वी. मेसेजच्या खिडकीत तीच लाल अक्षरं. त्यांनी बोट आपटून आपटून पुन्हा पुन्हा केलं, तेव्हा ॲपने सांगितलं, फार वेळा प्रयत्न झाला आहे, काही वेळाने या.

काही वेळाने! पाच वाजायला तास राहिला होता.

ताईंनी पेटी तशीच उघडी टाकली आणि गॅलरीकडे निघाल्या. या वेळी एकट्याच. चावीवाल्याच्या पुढ्यात गिऱ्हाईक होतं, तो मान खाली घालून किल्ली घासत होता, त्याने वर बघितलं नाही. रस्ताभर त्या मनातल्या मनात त्या टायवाल्या पोराची सालटी काढत होत्या. काच ढकलली ती अशी की आतली माणसं दचकली.

"जातील म्हणालास ना रे? जातील, जातील? एक गेला नाही!"

तरुणाने फोन हातात घेतला, बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा गोंधळ दिसला. "पण मॅडम, आज नाहीच जाणार. उद्या जातील."

"उद्या? उद्या कशाला? माझ्या तेराव्याला?"

"सिम बदललं की एक दिवस मेसेज बंद ठेवतात. जाणारे, येणारे, दोन्ही. फोन आणि इंटरनेट चालू राहतं. चोर लोक दुसऱ्याच्या नावाने सिम काढतात आणि बँक खाली करतात, म्हणून नियम आहे. सिम खराब नव्हतं तुमचं. कालचंसुद्धा चांगलंच होतं."

"म्हणजे कालचं..."

"काल तुम्ही दुपारी बदललं होतं. आज दोनच्या सुमारास मेसेज आपोआप चालू झाले असते. आज परत बदललं, म्हणून परत पहिल्यापासून दिवस मोजला जाणार."

"मग मला सांगितलं का नाही?" ताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "बदलायच्या आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं ना मी!" तरुण म्हणाला. आता तोही चिडला होता. "तुम्ही बाहेर फोनवर बोलत होता. बटण दाबायच्या आधी तुमच्या मिस्टरांना सांगितलं. म्हटलं, कालच बदललंय, दोन तास थांबलात तर याचेच मेसेज सुरू होतील, दुसरं दिलं तर उद्यापर्यंत लटकेल. मॅडमना विचारून या, म्हटलं. दाबू का, विचारलं. ते म्हणाले, दाबा."

"मिस्टर?"

"तेच की, तुमची पिशवी धरून उभे होते ते."

गॅलरीत यंत्राचा गार वारा सुटला होता आणि ताईंना घाम फुटला. माझा नवरा टेम्पोवर आहे, एवढंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि बाहेर पडल्या. त्या तरुणालाही दोन शब्द सुनावायला हवे होते, गिऱ्हाइकाचं काम गिऱ्हाइकालाच विचारावं एवढी अक्कल टाय बांधताना सुटते का म्हणून. पण तो राग आता बारीक वाटत होता.

आधी त्या स्टँडच्या ऑफिसात गेल्या. कारकुनाने ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचा चेहराही केला. "आमच्या हातात..."

"काही नाही," ताईंनीच वाक्य पूर्ण केलं. "तुमच्या बाजूने काही अडचण नाही. पाच वाजले की यंत्र आपोआप पुढचं नाव घेणार. कळलं."

फुटपाथवर आल्या तेव्हा पाचाला थोडाच वेळ होता. चावीवाला बसल्या जागी होता. समोर गिऱ्हाईक नव्हतं. त्यांना बघून तो उठायला लागला.

"बस खाली," ताई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला अरेतुरे केलेलं नव्हतं. चहावाल्याने किटली खाली ठेवली.

"तो पोरगा काय म्हणाला तुला?"

चावीवाला बसला. कानांवर हात ठेवेल, खोटं बोलेल, असं ताईंना वाटलं होतं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, धरून झोडपता आलं असतं. तो म्हणाला, "दोन तास थांबा म्हणाला."

"आणि तू?"

"मी दाबा म्हणालो."

"का?"

"ताई, त्याने विचारलं आणि..." तो थांबला. हातातली किल्ली उलटसुलट करत राहिला. "मी ठरवून आलो नव्हतो. आईशपथ सांगतो. सकाळपासून तुमच्यासाठीच पळत होतो. त्याने विचारलं तेव्हा एकदम समोर दिसलं. शटर, दिवा. मला या उन्हात आता किल्लीचे दात दिसत नाहीत ताई. गेल्या महिन्यात चार किल्ल्या परत आल्या. कुणाला बोललो नाही. तोंडातून निघून गेलं, दाबा."

"मग रस्त्यात सांगायचं होतं! तेव्हा वेळ होता. परत गेले असते, पाय धरले असते कुणाचे."

"एकदा दाबल्यावर परत फिरत नाही, असं म्हणाला तो."

"विचारलंस म्हणजे! सगळं विचारून घेतलंस!" आता आवाज फुटला. "अरे, मी त्या बँकेतल्या पोरीवर ओरडले. बाजा वाजवणाऱ्या बाईवर ओरडले. नवऱ्याला नाही नाही ते बोलले. दिवसभरात एक माणूस सोडला नाही मी. फक्त तुझ्यावर नाही ओरडले. तुला म्हटलं, तुमचे उपकार कधी फेडू! आणि तू पिशवी धरून चाललास माझ्याबरोबर! केसाने गळा कापलास रे माझा. तोंडावर सांगितलं असतंस ना, ताई, मला हवाय गाळा, तर भांडले असते, शिव्या घातल्या असत्या, पण माणूस म्हणून ओळखलं असतं तुला!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. चावीवाल्याने मान वर केली नाही. तेवढ्यात त्याच्या पेटीवर ठेवलेला फोन वाजला. छोटासाच आवाज, मेसेज आल्याचा. त्याच्या फोनवर मेसेज येत होते.

पाच वाजले होते. दोघांनाही तो वाचायची गरज नव्हती.

"मी नाही घेणार," तो म्हणाला. "सोडतो. नको मला."

"सोडलास तर मला मिळणार आहे का?"

त्याने हातातली किल्ली पेटीत टाकली.

"बोल ना! यादीत तुझ्यामागे कोण आहे? तो रसाची चार दुकानं असलेला. त्याला पाचवं मिळेल. आणि तू माझ्यासमोर बसून रोज चेहरा पाडणार, की बघा, मी सोडला. म्हणजे गाळाही गेला आणि वर तुला चांगलं म्हणायचं! नाही जमणार ते. उचल फोन."

"ताई..."

"मला ताई म्हणू नकोस. उचल. भर पैसे. माझ्यासमोर भर."

त्याने फोन उचलला. पिन एकदा चुकला. दुसऱ्यांदा बरोबर पडला. फोनने आनंदाने टिंग केलं आणि हिरवी खूण दाखवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, पण ताईंना त्याची कीव आली नाही. त्यांना वाटलं होतं येईल, म्हणून त्या क्षणभर वाट बघत उभ्या राहिल्या. नाही आली. मग त्यांनी आपली पेटी बंद केली, पोतं गुंडाळलं आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी चावीवाला आत गेला. त्याच्या जागी फुटपाथवर पितळेचा भुगा तेवढा राहिला होता. ताईंनी तो झाडला नाही, त्यावर पोतंही टाकलं नाही. आपल्याच जागेवर, आपल्याच छत्रीखाली बसल्या. दुपार उतरली तेव्हा त्यांनी ॲप उघडून बघितलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आम्ही एक मेसेज पाठवत आहोत. गोल पुरतं फिरायच्या आतच पडताळणी पूर्ण झाली. नमस्कार, म्हणालं ॲप, तुम्ही आता पैसे पाठवू शकता.

"कुणाला पाठवू, मुडद्या?" ताई म्हणाल्या आणि फोन पेटीत, रनरच्या डबीशेजारी टाकून दिला.

थोड्या वेळाने एक बाई धापा टाकत आली. घराचं दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, आत म्हातारे सासरे एकटेच आहेत आणि त्यांना उठता येत नाही. "इथे चावीवाले बसायचे ना? कुठे गेले?"

ताईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. मला काय माहीत. तीन शब्द. कुणाला कळलं नसतं, कुणी विचारायला आलं नसतं, आणि आत सात नंबरमध्ये बसलेल्याचं एक गिऱ्हाईक परस्पर गेलं असतं. ते शब्द त्यांनी अगदी दातांपर्यंत येऊ दिले. त्यांची चव किती बरी लागते तेही त्यांना कळलं, आणि त्यामुळे त्यांना आणखीच राग आला.

"आत जा," त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की बाई दचकून मागे सरली. "स्टँडच्या आत, डाव्या हाताला, सात नंबर. पळत जा, म्हातारा खोळंबलाय. आणि त्याला सांगा, मी सांगितलं म्हणून."